डिस्काउंट कोणी किती द्यायचा?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात सेल्सला असलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य रोज पडतं, “भाव जास्त आहे, काहीतरी कमी करा.” समोरचा पर्चेस ऑफिसर ते सवयीने बोलतो, पण उत्तर त्याला लगेच हवं असतं. सेल्सचा माणूस मोटरसायकलवर इचलकरंजीत किंवा कागलला उभा असतो आणि मालक कारखान्यात मशीनपाशी. मग फोन जातो, “मालक, पार्टी हातची जातीय, दहा टक्के देऊ का?” मालक घाईत असतो, ऑर्डर हवी असते, तो म्हणतो, “दे, पण एवढंच.” पुढच्या फोनला दहा टक्क्यांचे बारा होतात. वर्षअखेरीला उलाढाल वाढलेली दिसते आणि बँकेच्या खात्यात मात्र गेल्या वर्षीइतकेही पैसे नसतात.

विक्री करणाऱ्या माणसाने स्वतःच्या अधिकारात किती टक्के सोडायचे, त्यापुढे मॅनेजरला कधी विचारायचं आणि मालकापर्यंत कधी जायचं, हे आधीच लिहून ठेवणं हा त्यावरचा जुना उपाय आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये याचा छापील तक्ता असतो. छोट्या कारखान्यांत तो बहुतेक मालकाच्या डोक्यात असतो आणि त्याच्या मूडप्रमाणे बदलतो. तक्ता असलेल्या ठिकाणीही तो अनेकदा चुकलेला असतो, कारण त्यातले आकडे हिशेबातून आलेले नसतात. पाच, दहा, पंधरा हे आकडे गोल आहेत म्हणून लिहिलेले असतात.

हिशेब कसा करायचा ते पाहण्यासाठी नमुना म्हणून पंप बनवणारा एक कारखाना धरू. त्याच्या एका औद्योगिक पंपाची लिस्ट प्राइस १,००,००० रुपये आहे. कास्टिंग, मोटर, मशीनिंग, सील, पॅकिंग असा एका पंपामागे थेट लागणारा खर्च ६६,००० रुपये. लिस्ट प्राइसला विकला तर ३४,००० उरतात आणि त्यातून पगार, भाडं, वीज, व्याज हे सगळं भागवून नफा काढायचा असतो. आता दहा टक्के डिस्काउंट दिला. पंप ९०,००० ला गेला, खर्च तेवढाच राहिला आणि उरले २४,०००. ग्राहकाला दहा टक्के मिळाले, पण कारखान्याच्या उरलेल्या पैशातले जवळजवळ तीस टक्के गेले. लिस्ट प्राइसला शंभर पंप विकून जेवढे पैसे उरले असते, तेवढेच आता उरवायला जवळपास १४२ पंप विकावे लागतील. डिस्काउंट देताना हा दुसरा आकडा कोणाच्याच डोळ्यापुढे नसतो.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतले मायकेल मार्न आणि रॉबर्ट रोझिएलो यांनी १९९२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला. २,४६३ कंपन्यांच्या ताळेबंदांवरून त्यांनी दाखवलं की, विक्री तेवढीच राहून भावात एक टक्का सुधारणा झाली, तर कामकाजातला नफा सरासरी सुमारे ११ टक्के वाढतो. तेच गणित उलट्या दिशेनेही चालतं. त्या लेखात एका बॅटरी कंपनीचं उदाहरण आहे. नाव अर्थातच बदललेलं. तिच्या वेगवेगळ्या ग्राहकांना खरोखर पडणारा भाव तपासला तेव्हा त्यात प्रचंड तफावत निघाली आणि ती खरेदीच्या आकाराशी जुळत नव्हती. छोटी खरेदी करणारे काही ग्राहक सर्वांत स्वस्त माल नेत होते. कारण शोधलं तर ते वर्षानुवर्षांचे जुने ग्राहक निघाले. जादा सवलतीसाठी कंपनीत नेमका कोणाला फोन करायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ज्यांनी डिस्काउंटचा तक्ता बनवायला घेतला आहे, त्यांनी या उदाहरणापाशी जरा थांबावं. तिथे पैसा एका मोठ्या चुकीने गेला नव्हता. तो प्रत्येक सौद्यात थोडाथोडा गेला होता आणि बिलावर दिसणाऱ्या टक्क्यांपलीकडेही गेला होता.

पंपाच्या कारखान्यात हे बिलाबाहेरचं गळतं कुठे असतं? समजा, १२ टक्के डिस्काउंटवर सौदा ठरला आणि बिल ८८,००० चं झालं. कागदावर २२,००० उरले, म्हणजे बरोबर २५ टक्के. मालकाचं मार्जिनचं टार्गेट २५ टक्केच असेल, तर सगळं ठीक दिसतं. पण ठरवताना पर्चेस ऑफिसर म्हणाला होता की भाडं तुमचं. ट्रान्सपोर्टचे २,००० गेले. तीस दिवसांऐवजी नव्वद दिवसांची उधारी कबूल झाली. कारखान्याची कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी असेल, तर जादा साठ दिवसांचं व्याज साधारण १,७५० रुपये. पंप बसवून सुरू करून द्यायला माणूस फुकट पाठवला, त्याचे १,५००. पाच हजारांहून जास्त रक्कम डिस्काउंट हा शब्दही न उच्चारता गेली. हातात उरले सुमारे १६,७५०, म्हणजे बिलाच्या १९ टक्के. मॅनेजरच्या नोंदीत हा सौदा टार्गेटवर बसलेला असतो, आणि प्रत्यक्षात तो टार्गेटच्या सहा टक्के खाली असतो.

म्हणून मंजुरीची मर्यादा बिलावरच्या टक्क्यांवर बेतायची नसते. सौद्यातून हातात काय उरतं, त्यावर ती बेतायची असते. भाडं, जादा उधारी, फुकट सर्व्हिस, वाढीव वॉरंटी हे सगळं डिस्काउंटच धरायचं आणि ज्याच्या अधिकारात जेवढं बसतं तेवढंच त्याने द्यायचं. सेल्सच्या माणसाला सहा टक्क्यांचा अधिकार असेल आणि त्याने भाडं आपल्यावर घेतलं, तर त्याचे सहातले दोन तिथेच संपले.

आता मर्यादा किती, हा प्रश्न. आपल्या नमुन्यातल्या कारखान्याचा गेल्या वर्षीचा अनुभव असा धरू की, भाडं-उधारी-सर्व्हिस मिळून एका पंपामागे सरासरी २,५०० रुपये जातात. म्हणजे खरा खर्च ६८,५००. हातात २५ टक्के उरवायचे असतील, तर पंप सरासरी ९१,३०० च्या आसपास विकला गेला पाहिजे, म्हणजे सरासरी डिस्काउंट साडेआठ टक्क्यांच्या थोडा वर. कागदावरच्या हिशेबाने बारा टक्क्यांपर्यंत सोडता येईल असं वाटत होतं. खरी जागा साडेआठचीच निघाली. इथे सगळा भर सरासरीवर आहे. प्रत्येक सौदा २५ टक्क्यांच्या वर राहिलाच पाहिजे असा नियम केला, तर चांगल्या ऑर्डरी जातील. काही सौदे खाली जाणारच. ते किती आणि किती खाली, हे तक्त्याने ठरवायचं असतं.

असा तक्ता करू. सेल्सच्या माणसाला स्वतःच्या अधिकारात सहा टक्के. बारा टक्क्यांपर्यंत सेल्स मॅनेजर. सतरापर्यंत सेल्सचा प्रमुख आणि त्यापुढे फक्त मालक. वर्षाला दोनशे पंप विकले जातात. त्यातले १२० सहा टक्क्यांत, ६० बारा टक्क्यांत आणि २० सतरा टक्क्यांत गेले, असं धरू. मुद्दाम वाईटात वाईट धरलं आहे, म्हणजे प्रत्येकाने आपली मर्यादा काठोकाठ वापरली. एकूण विक्री १ कोटी ८२ लाख २० हजार, खरा खर्च १ कोटी ३७ लाख, उरले ४५ लाख २० हजार. टक्केवारी २४.८. टार्गेट जवळजवळ गाठलं. सगळ्यांनी पूर्ण मर्यादा वापरूनही ते गाठलं जातं, म्हणजे तक्ता धरायला हरकत नाही. प्रत्यक्षात काही सौदे चार-पाच टक्क्यांतही मिटतील आणि तेवढा हात मोकळा राहील.

पण तेच दोनशे पंप वेगळ्या वाटणीने गेले तर? ८० सहा टक्क्यांत, ८० बारात, ४० सतरात. प्रत्येक मंजुरी नियमाप्रमाणे, प्रत्येक सही जागच्या जागी. तरी उरलेली रक्कम ४१ लाख ८० हजारांवर येते आणि टक्केवारी २३.४ वर. तीन लाख चाळीस हजार गेले आणि नियम कोणीच मोडला नाही. म्हणून तक्त्याबरोबर आणखी एक आकडा ठरवावा लागतो. वरच्या दोन पायऱ्यांवर एकूण किती टक्के सौदे जाऊ शकतात? नमुन्यात बारावाले तीस टक्के आणि सतरावाले दहा टक्के. दर महिन्याला हा वाटा पाहिला, की सप्टेंबरमध्येच कळतं की गाडी कुठे चालली आहे. मार्चची वाट पाहावी लागत नाही.

एकाच टक्क्याचा नियम सगळ्या मालाला लावणं ही सर्रास दिसणारी चूक. हाच कारखाना पंपाबरोबर बाहेरून घेतलेल्या मोटरी आणि पॅनल विकत असेल, तर त्यात बारा-पंधरा टक्केच सुटत असतात. तिथे सहा टक्के सोडले की निम्मं मार्जिन गेलं. उलट स्वतःच्या स्पेअर पार्ट्समध्ये पन्नास टक्के सुटत असतील, तर दहा टक्के सोडूनही भागतं. मालाचे गट पाडून प्रत्येक गटाची वेगळी मर्यादा ठरवणं हा सरळ उपाय. सेल्सच्या माणसांना खर्चाचे आकडे दाखवायला मालक तयार नसतात, आणि त्यात तथ्यही आहे, कारण माणूस नोकरी बदलतो तेव्हा आकडेही सोबत जातात. पण खर्च न दाखवता काम होतं. प्रत्येक वस्तूपुढे तीन भाव लिहिलेली यादी द्यायची: हा तुझा, हा मॅनेजरचा, हा साहेबांचा. त्याला खर्च कळत नाही, पण आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

सेल्सच्या माणसाला मुळात अधिकार द्यावाच का, यावर मार्केटिंगच्या अभ्यासकांत बरीच चर्चा झाली आहे. १९७९ साली स्टीफन्सन, क्रॉन आणि फ्रेझर या तिघांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय साहित्याच्या १०८ घाऊक विक्रेत्यांचा अभ्यास ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये छापला. भाव ठरवण्याचा सर्वांत जास्त अधिकार विक्रेत्यांना देणाऱ्या कंपन्यांची विक्री आणि नफा दोन्ही सर्वांत कमी निघाले. १९८६ मध्ये राजीव लाल यांनी दुसरी बाजू गणिताने मांडली: ग्राहकाबद्दल विक्रेत्याला मालकापेक्षा खरोखर जास्त माहिती असेल, तर त्याच्या हाती अधिकार देणं फायद्याचं ठरू शकतं. दोन्ही एकत्र वाचले, तर अधिकार पूर्ण काढून घेणंही बरोबर नाही आणि मोकळा सोडणंही बरोबर नाही. छोट्या, रोजच्या सौद्यांत त्याने वर विचारत बसू नये आणि मोठ्या सवलतीला मात्र दुसऱ्या डोक्याने हिशेब तपासावा, एवढ्यासाठी तक्ता असतो.

विक्रेता सवलतीकडे इतक्या सहज का वळतो? अनेक ठिकाणी त्याचं कमिशन उलाढालीवर असतं. एक टक्का कमिशन धरलं, तर पंपाच्या भावात ५,००० रुपये सोडल्यावर त्याच्या खिशातून फक्त पन्नास रुपये जातात. कारखान्याचे मात्र पूर्ण पाच हजार जातात. ग्राहकाला पंपाची क्षमता, विजेची बचत, सर्व्हिस हे पटवून द्यायला तीन भेटी लागतात, आणि पन्नास रुपयांत तोच सौदा आज मिटतो. त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं. तेवढंच एकूण कमिशन उरलेल्या मार्जिनवर बांधलं, म्हणजे साधारण ३.७ टक्के, तर तेच पाच हजार सोडताना त्याचे १८५ रुपये जातात. फरक जवळपास चौपट. तक्ता कितीही नीट असला, तरी कमिशन उलाढालीवरच ठेवलं तर माणूस दर वेळी तक्त्याच्या टोकाला जाऊन उभा राहणार.

तो टोकाला जातो आहे की नाही, हे तपासणं अवघड नाही. गेल्या वर्षाची सगळी बिलं काढायची, प्रत्येकापुढे डिस्काउंट लिहायचा आणि कोणत्या टक्क्यावर किती बिलं आहेत ते मोजायचं. घासाघीस खरी असेल, तर बिलं तीन, साडेचार, पाच, सात अशी विखुरलेली दिसतील. मर्यादा सहाची असेल आणि बिलांचा ढीग बरोबर सहावर उभा असेल, तर ग्राहकाला सहाचा आकडा कळलेला आहे. तो आता डिस्काउंट राहिलेला नाही, तोच भाव झाला आहे. दुसरी खूण मॅनेजरच्या टेबलावर सापडते. शंभर मागण्यांपैकी पंच्याण्णव तो मंजूर करत असेल, तर त्याची सही काहीच अडवत नाही. ती फक्त उशीर करते. तिसरी खूण तारखांत. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत सवलती अचानक वाढत असतील, तर जुने ग्राहक ऑर्डरी मार्चपर्यंत मुद्दाम रोखून धरत आहेत. टार्गेटच्या घाईत आपण नरम पडतो, हे त्यांनीही ओळखलेलं असतं. अशा कारखान्याने मार्चपुरती प्रत्येक मर्यादा एक पायरी वर नेली, म्हणजे मॅनेजरची मंजुरी प्रमुखाकडे आणि प्रमुखाची मालकाकडे, तर एक-दोन वर्षांत ही सवय मोडते. पहिल्या वर्षी काही ऑर्डरी एप्रिलमध्ये सरकतात, हे मात्र सहन करावं लागतं.

मंजुरी मागण्याची पद्धत तक्त्याइतकीच महत्त्वाची आहे. “पार्टी हातची जातीय” एवढ्यावर मंजुरी द्यायची नसेल, तर मागणाऱ्याने चार गोष्टी लिहून पाठवाव्यात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्या तरी चालेल: भाडं-उधारीसकट एकूण किती सोडायचं आहे, त्यानंतर सौदा कोणत्या पायरीत बसतो, सवलत मागण्याचं कारण काय आणि बदल्यात काय मिळतं. कारणात दुसऱ्या कंपनीचं कोटेशन असेल तर त्याचा फोटो. बदल्यात काय मिळतं, हा प्रश्न बहुतेक वेळा रिकामा राहतो आणि मॅनेजरने आग्रह धरायचा तो तिथेच. चार टक्के जादा हवे असतील, तर अर्धी रक्कम ऑर्डरबरोबर द्या, किंवा भाडं तुमचं, किंवा वर्षाची ऑर्डर एकत्र द्या. काहीही न मिळता सोडलेले चार टक्के पुढच्या ऑर्डरीत सुरुवातीचा भाव बनतात.

वर्षाच्या ऑर्डरीचं आश्वासन मात्र जपून घ्यावं. वीस पंप घेऊ म्हणून बारा टक्के घेणारा ग्राहक चार पंप घेऊन थांबतो, आणि ते चार तर बारा टक्क्यांनी गेलेले असतात. त्यापेक्षा बिलं सहा टक्क्यांनी करायची आणि पंपांची ठरलेली संख्या पूर्ण झाली की उरलेली रक्कम क्रेडिट नोटने द्यायची. ही अट आधीच लेखी असावी. बिलावरच दाखवलेली सवलत जीएसटीच्या करपात्र किमतीतून वजा होते, पण विक्रीनंतर दिलेल्या सवलतीला कायद्याच्या वेगळ्या अटी लागू होतात, त्यामुळे नमुना पहिल्यांदा बनवताना सीएला दाखवून घेणं सोयीचं.   

मंजुरीला लागणारा वेळ हाही खर्चच आहे. मालक परगावी आणि फोन बंद, म्हणून दोन दिवस उत्तर नाही, असं दोनदा झालं की सेल्सची माणसं विचारणंच बंद करतात किंवा आधीच फुगवून मागतात. कामाच्या चार तासांत उत्तर आलं नाही, तर मागणी आपोआप वरच्या पायरीकडे जावी, हा नियम चांगला चालतो. उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर, असा नियम करणं मात्र घातक आहे. ज्या दिवशी मॅनेजर सर्वांत व्यस्त असेल, त्याच दिवशी सर्वांत वाईट सौदे निघून जातील.

हा सगळा तक्ता समोरासमोरच्या विक्रीला लागू पडतो. सरकारी टेंडरमध्ये सर्वांत कमी भाव भरणाऱ्याला काम मिळतं आणि भाव एकदाच भरायचा असतो, त्यामुळे तिथे पायऱ्यांचा उपयोग नाही. तळाचा भाव मालकाने टेंडर भरण्याआधीच ठरवायचा, आणि ऑनलाइन लिलाव असेल तर स्क्रीनवर आकडे पडायला लागण्याआधी कागदावर लिहून ठेवायचा.

आणि तक्ता शिळा होतो. पिग आयर्न महागलं, तांबं चढलं आणि मोटरचा भाव वाढला, की ६६,००० चा पंप ६९,००० ला पडतो. लिस्ट प्राइस तीच, सेल्सच्या माणसाचा सहा टक्क्यांचा अधिकार तोच. पण आता सहा टक्क्यांतल्या सौद्यात २७ ऐवजी २४ टक्केच उरतात. याचा अर्थ सर्वांत खालच्या, सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पायरीवरही टार्गेट चुकतं आणि त्याची खबर कोणाच्याही मंजुरीत दिसत नाही. म्हणून दर तिमाहीला खर्चाचे आकडे नव्याने घालून तीन भावांची यादी पुन्हा काढावी लागते. खर्च तीन टक्क्यांहून जास्त हलला, तर तिमाही संपण्याची वाट न पाहता. नवी यादी हातात देताना जुन्या कोटेशनची मुदत कोणत्या तारखेला संपते, तेही सांगावं लागतं. नाहीतर पुढचे दोन महिने प्रत्येक ग्राहक जुनाच कागद पुढे करतो आणि सेल्सचा माणूस पुन्हा मालकाला फोन लावतो.